स्टॉपलॉसच्या ओळी वेगळ्या काढल्या तेव्हा

शेअरचे सौदे करणारा आमचा कोड जुन्या भावांवर चालवून पाहिला, त्या बॅकटेस्टमध्ये आम्ही स्लिपेज, म्हणजे ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, खरेदी-विक्रीच्या दर बाजूला ०.०३ टक्के धरलं होतं. आकडा अंदाजाचाच होता. लाइव्ह सौदे पुरेसे साचले की तो बदलायचा, हे दादाशी आधीच ठरलेलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. खातं त्याचं, कोड माझा. त्या रविवारी कारखाना बंद होता, म्हणून त्याच्या ऑफिसातच ट्रेडबुक उघडून बसलो.

ब्रोकरच्या फाइलीत सौदा प्रत्यक्ष झाला तो भाव असतो, कोडने सिग्नल दिला तो नसतो. तो माझ्या लॉगमधून घेतला, कारण तुलना करायची ती बॅकटेस्ट ज्या भावाला सौदा झाला असं मानतो त्याच भावाशी. एका सौद्यात सिग्नल होता ८०० रुपयांना. ५०० शेअर तीन तुकड्यांत मिळाले: १५० शेअर ८००.२५ ला, २५० शेअर ८००.६० ला आणि १०० शेअर ८०१.१० ला. भारित सरासरी जवळपास ८००.६०, म्हणजे ०.०७ टक्के जास्त मोजले.

सगळ्या सौद्यांची एकच सरासरी काढून तो आकडा कोडमध्ये टाकणं सोपं होतं. पण ओळी वेगळ्या केल्या तेव्हा खरी गंमत दिसली. एंट्रीला ०.०६ टक्के, ठरलेल्याच भावाला नफ्यात विकणाऱ्या टार्गेटच्या लिमिट ऑर्डरला शून्य, आणि तोटा थांबवायला विकणाऱ्या स्टॉपलॉसला तब्बल ०.१२. साहजिकच आहे. स्टॉप लागतो तो भाव घसरत असताना, आणि नेमके तेव्हाच खालचे खरेदीदार ऑर्डरी काढून घेतात.

दादा म्हणाला, "अरे, धुतल्यावर टॉवेल किती आटेल हे आम्हीसुद्धा प्रत्येक जातीचं वेगळं धरतो."

आमचे दहापैकी सहा सौदे स्टॉपलॉसला जातात. म्हणून बाहेर पडतानाचं स्लिपेज सरासरी ०.०७ झालं, एंट्री धरून एकूण ०.१३. आधी खर्चापूर्वी प्रति सौदा ०.२२ टक्के मिळत होते. त्यातून कर-दलालीचे ०.०६ आणि जुनं स्लिपेज ०.०६ वजा जाता ०.१० उरायचे. आता उरले ०.०३.

अजून एक गोष्ट झालेल्या सौद्यांच्या फाइलीत दिसतच नाही: न भरलेल्या लिमिट ऑर्डरी. भाव टार्गेटला नुसता टेकला की बॅकटेस्ट नफा लिहून मोकळा होतो, पण लाइव्हमध्ये आपण रांगेत मागे असतो आणि भाव तिथूनच परततो. ऑर्डरबुकात अशा बऱ्याच ऑर्डरी सापडल्या. म्हणून अट बदलली: टार्गेटच्या पलीकडे किमान ५ पैसे भाव गेला तरच सौदा भरला असं धरायचं. त्यानंतर शिल्लक ०.०१ वर आली.

"मग क्वांटिटी दुप्पट करू," दादा म्हणाला.

मी नाही म्हटलं. ही सगळी मोजणी ५०० शेअरची आहे, हजाराला किती घसरेल याबद्दल आमच्या फाइलीत काहीच नाही. उलट क्वांटिटी २०० वर आणली. आता स्टॉपलॉसची प्रत्येक ओळ वेळ आणि क्वांटिटीसकट वेगळ्या शीटमध्ये जाते.