हात वर केले की गळा आवळतो

"मॅडम, बसल्या जागी मला काही होत नाही. मांडवाखाली हात वर केले की गळा आवळतो."

हे वाक्य त्या मावशींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं असतं, पण मी त्यांना तेवढा वेळच दिला नव्हता. मी कान-नाक-घशाची डॉक्टर, दवाखाना नाशकात. दिवाळीनंतर आमच्याकडे घशाच्या पेशंटची रांग लागते: फराळाचं पित्त, फटाक्यांचा धूर, बदललेली हवा. मावशी त्या गर्दीत आल्या होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, दिंडोरीकडची द्राक्षबाग, सोबत सून. तक्रार एकच, "घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, गच्च होतं." मी दुर्बिणीने घसा पाहिला. स्वरयंत्राच्या दोन्ही पट्ट्या छान हलत होत्या, मागच्या बाजूला थोडी लाली होती. पित्ताची गोळी महिनाभर, रात्रीचं जेवण लवकर, आणि पुढचा पेशंट. मानेवरचा पदर मी बाजूला करायला लावला नाही. घसा आतून पाहिला, बाहेरून पाहिलाच नाही.

डिसेंबरात त्या पुन्हा आल्या. गोळ्यांनी फरक शून्य. त्या दिवशी गर्दी कमी होती म्हणून म्हटलं, मावशी, नेमकं कधी होतं ते सांगा. तेव्हा ते मांडवाचं वाक्य आलं. ज्यांनी द्राक्षबाग पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड धरले की विरळणी असते. बाया ओळीने उभ्या राहून, हात डोक्याच्या वर धरून, बारीक कात्रीने घडातले नको ते मणी काढतात. दिवसभर तेच. मावशी स्वतःच्याच बागेत टोळीबरोबर लागायच्या. दहा-पंधरा मिनिटं झाली की गळा दाबल्यासारखा व्हायचा, तोंड गरम व्हायचं, डोकं जड. खाली बसलं, हात सोडले की पाच मिनिटांत मोकळं. सून म्हणाली, "आम्हाला वाटलं बीपी असेल."

मी त्यांना स्टुलावर ताठ बसवलं आणि म्हटलं, आता विरळणी करताय असे हात वर करा, दंड कानाला लागू द्या, आणि मी सांगेपर्यंत खाली घेऊ नका. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वीस सेकंदांपर्यंत काही नाही. मग कपाळावर आणि गालांवर लाली चढायला लागली. चाळिसाव्या सेकंदाला ती लाली जांभळट झाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, आणि मावशींनी तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. सून घाबरून उठली. मी हात खाली घ्यायला सांगितले. मिनिटभरात चेहरा पूर्ववत.

कॉलेजमध्ये हे चिन्ह शिकवतात. ह्यू पेंबर्टन नावाच्या लिव्हरपूलच्या डॉक्टरने 1946 साली 'लॅन्सेट'मध्ये ते नोंदवलं, म्हणून त्याचंच नाव. परीक्षेपुरतं सगळे पाठ करतात. पण स्टुलावर बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्यासमोर रंग बदलताना मी इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच पाहिला.

होतं असं. थायरॉइडची ग्रंथी मानेच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला मिठी मारून बसलेली असते. सुजली की बहुतेकदा ती पुढे फुगते आणि दिसते, आपण त्याला गलगंड म्हणतो. पण काहींमध्ये ती पुढे येण्याऐवजी खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या मागे उतरत जाते. छातीचं ते वरचं तोंड अरुंद असतं, भोवती हाडांची चौकट, आत श्वासनलिका, अन्ननलिका आणि डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा. हात वर केले की हासळ्या सरकतात, तोंड आणखी आवळतं आणि शिरा हाडं आणि गाठ यांच्यामध्ये दाबल्या जातात. रक्त चेहऱ्यात अडकतं. म्हणून मावशींना बागेत त्रास आणि ओट्यावर बसून आराम.

मग पदर बाजूला केला. गळ्यातली काळ्या मण्यांची पोत मला तेव्हा दिसली, आणि तिच्या मागे गाठीला दोऱ्याचा नवा तुकडा. विचारलं तर मावशी सहज म्हणाल्या, "टोचायची, म्हणून पटवेकऱ्याकडून वाढवून घेतली. दोनदा." किती दिवसांत? "तीन-चार वर्षांत." मावशींची मान वाढत होती हे पटवेकऱ्याला माझ्या आधी कळलं होतं.

स्टीलच्या ग्लासातून पाण्याचा एक घोट दिला. गिळताना थायरॉइड वर सरकते, कारण ती श्वासनलिकेला चिकटलेली असते. मानेतल्या इतर बहुतेक गाठी तशा सरकत नाहीत. मावशींनी घोट घेतला आणि डाव्या बाजूला, मानेच्या अगदी तळाशी, एक गोल उंचवटा हाडामागून वर डोकावला आणि परत बुडाला. मी बोटं लावून त्याचा खालचा काठ शोधला. लागला नाही. गिळतानाही बोटं गाठीखाली जात नसतील तर ती आत उतरली आहे असं समजायचं.

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, टीएसएच 1.8, अगदी नॉर्मल. सुनेचा चेहरा उजळला, "म्हणजे थायरॉइड नाही ना?" इथे बहुतेकांची गफलत होते. टीएसएच सांगतं की ग्रंथी काम कसं करते. ती केवढी आहे, कुठे दाबते, हे त्यात येत नाही. ग्रंथी मुठीएवढी झाली तरी हार्मोन बरोबर बनवू शकते.

छातीच्या एक्स-रेत श्वासनलिका काळ्या पट्ट्यासारखी मधोमध दिसायला हवी. मावशींची उजवीकडे वाकलेली होती, नदी टेकडीला वळसा घालते तशी. सोनोग्राफीत डाव्या बाजूला बऱ्याच गाठी, उजवी बाजू जवळपास साधी. पण सोनोग्राफीला हाडाच्या मागचं दिसत नाही, म्हणून सीटी स्कॅन. तो मी इंजेक्शनच्या औषधाशिवाय करून घेतला, कारण त्या औषधात भरपूर आयोडीन असतं आणि अशा गाठाळ ग्रंथीला ते मिळालं की कधी कधी ती बेलगाम हार्मोन सोडायला लागते. ग्रंथीचा डावा भाग महाधमनीच्या कमानीपर्यंत पोचला होता. श्वासनलिका सर्वांत अरुंद जागी 7 मिलिमीटर. मोठ्या बाईची साधारण त्याच्या दुप्पट तरी असते. सुईने काढलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी नव्हत्या.

यावर गोळी नाही का, हा प्रश्न दरवेळी येतो. थायरॉइडची गोळी देऊन गाठ बसवायचे प्रयत्न पूर्वी व्हायचे. एवढी मोठी, जुनी गाठ त्याने बसत नाही आणि हृदयाला, हाडांना उगाच त्रास. दाब आहे तर ऑपरेशन.

मावशींचा हिशेब वेगळा होता. "माल निघेपर्यंत थांबू का? मार्चपर्यंत?" त्यात हट्ट नव्हता, वर्षाची कमाई घडांत लटकलेली होती. मी विचारलं, रात्री उताणं झोपता येतं का? सूनच म्हणाली, सहा महिने झाले, दोन उशांवर झोपतात. श्वासाला शिट्टीसारखा आवाज? नाही. तो असता तर मी त्यांना घरीच सोडलं नसतं. पण अशा गाठीत अचानक रक्तस्राव झाला तर ती तासाभरात फुगते, आणि 7 मिलिमीटरमध्ये तेवढी सूज मावायला जागा नसते. मार्च नको म्हटलं. विरळणी टोळीवर सोडायची, मावशींनी हात वर करायचे नाहीत, आणि जानेवारीत ऑपरेशन. तयार झाल्या, नाराजीनेच.

मधल्या आठवड्यात एक पंचविशीतली मुलगी आली. तिलाही गळा आवळल्यासारखं होत होतं, आणि कुठल्यातरी पॅकेजमध्ये केलेल्या सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये 6 मिलिमीटरची गाठ सापडली होती. रडकुंडीला आलेली. तिचं आवळणं थुंकी गिळताना व्हायचं, भाकरी-भाजी खाताना गायब व्हायचं, कामाच्या ताणात वाढायचं. हे दाबाचं लक्षण नाही. खरा दाब असला तर घट्ट घास अडकतो, आणि त्रास मान-हातांच्या स्थितीनुसार बदलतो. 6 मिलिमीटरची गाठ कशालाच दाबत नाही. तिच्या रिपोर्टात धोक्याची खूणही नव्हती, सुई टोचण्याची गरज नव्हती. गळा आवळल्याची तक्रार घेऊन येणारे बहुतेक तिच्यासारखेच असतात. त्यामुळेच मावशी माझ्या हातून निसटल्या.

तिला आरशासमोर जे करायला सांगितलं ते कोणालाही करता येईल. हनुवटी थोडी वर, तोंडात पाण्याचा घोट, आणि गिळताना कंठाच्या खाली, हासळ्यांच्या वर बघायचं. कंठमणी सरकतो तो सगळ्यांचाच. त्याखाली एका बाजूला उंचवटा वर-खाली होत असेल तर त्या आठवड्यात दाखवून घ्यावं. गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, दगडासारखी लागली, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, मानेत बाजूला आणखी गाठी लागल्या किंवा घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल, तर टाळाटाळ नको. आणि श्वासाला शिट्टी वाजत असेल किंवा गळा एकाएकी सुजून दुखायला लागला, तर अपॉइंटमेंट घेत बसू नये, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं.

ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यांत ताणात भूलतज्ज्ञ होते. नेहमीपेक्षा बारीक नळी आणि जागेपणीच, दुर्बिणीच्या मदतीने घातली. छाती उघडावी लागली नाही, बहुतेकांची लागत नाही. मानेतूनच बोट घालून डावा भाग हळूहळू वर काढला, आवाजाची नस मागे सांभाळत. बाहेर आल्यावर वजन केलं, 140 ग्रॅम. अख्खी थायरॉइड साधारण 20 ग्रॅमची असते. उजवी बाजू ठेवली, म्हणून जन्मभराची गोळी लागेलच असं नव्हतं.

सहा आठवड्यांनी टीएसएच बघायला बोलावलं. 3.1, गोळीची गरज नाही. आवाज खणखणीत. मी काही म्हणायच्या आत मावशी स्टुलावर ताठ बसल्या, दंड कानाला लावले आणि घड्याळाकडे बघायला लागल्या. व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला, सून कशी अडून बसली, हे सगळं हात वरच ठेवून सांगत होत्या. मीही ऐकत राहिले. दीड मिनिटानंतर त्यांनी विचारलं, "आता घेऊ का खाली? दंड दुखायला लागले."