फ्रान्सच्या बाजारात पावकिलो मागायला शिकताना

लियोंला राहायला आल्यावर पहिले दोन महिने मी सगळं सुपरमार्केटमधूनच आणायचे कारण तिथे बोलावं लागत नाही. मग एका रविवारी क्रोआ-रूसच्या बाजारात गेले आणि हॅमवाल्याकडे नवऱ्यासाठी दोन स्लाइस मागितल्या, "दू त्रांश द जांबों", आणि त्याने बारा कापल्या! झालं असं की दोनला फ्रेंचमध्ये दू म्हणत नाहीत. जीभ आपल्या ए सारखी ठेवायची आणि ओठ ओ सारखे गोल करायचे, तो आवाज मराठीत नाहीच. आणि मी म्हटलेला ऊ नेमका बाराच्या "दूझ" मधला आहे. तेव्हापासून मी स्लाइस मागताना दोन बोटं पण दाखवते.

वजनाचं त्यापेक्षा सोपं गेलं. अर्ध्या किलोला तिथे "युन लिव्र" म्हणतात, म्हणजे आपल्या आजीच्या तोंडी असलेला रत्तलच, फक्त तो इथे बरोबर 500 ग्रॅम धरतात. पावकिलो म्हणजे "युन दमी-लिव्र". भाजीवाल्या काकू टोमॅटो, बटाटे असंच तोलतात, कोथिंबीर मात्र जुडीवर, तिला "बॉत" म्हणायचं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो "द" ला. नुसतं दूध हवं असेल तर "द्यु ले", पण एकदा माप आलं की ते द्यु वगैरे जाऊन फक्त द राहतो, "अं लित्र द ले", "दमी-लिव्र द तोमात". आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की द त्यालाच चिकटतो. कांदे "ओन्यों", तर एक किलो कांदे "अं किलो दोन्यों". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काकू मराठीत दोन म्हणतायत 😄

चीजवाल्याकडे वेगळीच पद्धत. मी कोंते नावाचं चीज 200 ग्रॅम मागितलं तर तो चीजवर सुरी ठेवून विचारतो "कॉम सा?", म्हणजे एवढं चालेल का. इथे घाईत वुई म्हणू नका, कारण तो अंदाजाने कापतो आणि चीज महाग असतं. जास्त वाटलं तर "अं प म्वँ" म्हणायचं, तो सुरी सरकवतो, अजिबात चिडत नाही. कापून काट्यावर ठेवल्यावर 230 भरलं तर "अं प प्ल्यूस, झ लेस?" विचारतात, थोडं जास्त झालंय, राहू दे का. तेव्हा 30 ग्रॅमसाठी मी वुई म्हणते, पण एकदा 310 झालं होतं तेव्हा नों म्हटलं आणि त्याने निमूट जास्तीचं कापून काढलं.

मग "ए आव्हेक ससी?" येतं, आणखी काय देऊ. काही नको असेल तर "से तू, मेर्सी".

दुधाचं एक सांगायचं राहिलं, ते मी अजून दुकानातूनच घेते, चहाला लाल झाकणाचं. निळं अर्ध्या सायीचं असतं, त्याचा चहा पाणचट होतो.