आमची वाटचाल : तसबिरी मढवण्यापासून चित्रं पारखण्यापर्यंत

वडिलांचं पुण्यात तसबिरी मढवण्याचं दुकान. जुनी चौकट उघडली की आधी मागची बाजू बघायची, ही सवय मला तिथेच लागली. पुढे परगावचे लोक फोटो पाठवून विचारू लागले, "हे खरं रविवर्मा आहे का हो?" आणि हळूहळू तोच आमचा मुख्य धंदा झाला.

बहुतेकांकडे असतो तो रविवर्मा प्रेसचा शिळाछाप. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. काही छापांवर कॅनव्हाससारखी वीण दाबून वर व्हार्निश दिलेलं असतं, म्हणून घरचे त्याला तैलचित्र समजतात. अशा वेळी आम्ही बॅटरी आडवी धरून काढलेला फोटो मागवतो. तैलचित्रात रंगाचा उंचवटा पदराच्या चुणीबरोबर वळतो. छापात चेहरा, आकाश, साडी, सगळीकडे वीण एकसारखीच दिसते.

दुसरा फोटो भिंगातून, गालाचा. शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, हाताने टिपलेले असतात. ऑफसेटच्या नव्या नकलेत ते ओळीने, जाळीत बसवल्यासारखे. हा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर ठिपके पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट करूनच पाठवायला सांगतो.

मध्यंतरी एका गृहस्थांची लक्ष्मी आली. ठिपके हाताचे, कागद तपकिरी पडलेला, पाठीवर फळ्यांच्या फटींच्या काळ्या रेषा. पण चौकटीच्या खाचेत झाकली जाणारी कड जेमतेम अर्धा इंच, आणि कागदावरची न उडालेल्या रंगाची पट्टी चांगली इंचभर. शिवाय चौकटीला जुन्या खिळ्यांची रिकामी भोकं होती, त्यांच्याभोवती गंजाचे डाग. सागवान जुनंच, पण या चित्राचं नव्हे.

सोबत १९४१ सालचं खरेदीचं बिल होतं. कागद पिवळा, अक्षर वळणदार, आणि दुकानाच्या छापील पत्त्यात सहा आकडी पिन कोड. आपल्याकडे पिन कोड आला १९७२ मध्ये! अतिनील बॅटरीखालचा फोटो मागवला, तर बिल निळसर पांढरं चमकलं. कागदाला अशी चकाकी देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली. शेजारी ठेवलेलं चित्र मात्र मंदच राहिलं.

आम्ही चित्र, चौकट आणि कागदपत्र यांवर वेगवेगळं मत देतो, ते अशाच प्रकरणांमुळे. छाप अस्सल, चौकट जुनी पण दुसऱ्या चित्राची, बिल बनावट. छापाचं नेमकं वर्ष मात्र लिहिलं नाही. तेच दगड वर्षानुवर्षं वापरात असत, आणि कुठल्या खेपेचा छाप हे फोटोवरून ठरत नाही.

"बिलाचं तेवढं गाळा ना," गृहस्थ म्हणाले. वास्तविक त्या बिलाशिवायही लक्ष्मीला गिऱ्हाईक होतं. आम्ही अहवाल पुराच दिला. चित्र त्यांनी विकलं की ठेवलं, ते काही कळवलं नाही; आमची फी मात्र त्याच दिवशी जमा झाली.