दोन वक्ते, एक भाषण आणि बंद माईक

लोणारवर मॅडम आणि मी मिळून बोलायचं ठरलं. मी भूशास्त्राचा, मॅडम सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. विवराची बाजू माझी, पाण्यातल्या जिवांची बाजू त्यांची, आणि वेळ ४५ मिनिटं. मजकूर, स्लाइड्स, फोटो सगळं पटापट झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझं डोकं फिरलं ते एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या त्या पाच-सात सेकंदांनी, आणि त्याहून जास्त सभागृहाच्या माईकवाल्यांनी.

पहिल्या मसुद्यात आम्ही आठ वेळा अदलाबदल करणार होतो. कागदावर ते फार रंगतदार वाटत होतं. प्रत्यक्षात दर पाच मिनिटांनी कोणीतरी पुढे येतंय, कोणीतरी मागे जातंय, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष विवराऐवजी आमच्या पायांकडे. मी हट्टानं वक्ता बदलण्याचे तीन सांधे ठेवले: विवर कसं झालं (मी), पाण्यातलं जीवन (मॅडम), खारटपणा का वाढतो (मी), २०२० सालचा गुलाबी रंग आणि शेवट (मॅडम).

मग विद्यार्थ्यांसमोर एक रंगीत तालीम केली. तिसऱ्या सांध्याला माझं शेवटचं वाक्य होतं, "मग हे पाणी एकदम गुलाबी का झालं असेल?" वाक्य मला फार आवडलं होतं. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "शेवाळ!" त्याच क्षणी मॅडम म्हणाल्या, "तर झालं असं की..." आणि मी सवयीनं "नाही, शेवाळ नाही" म्हणालो. तिघांचे आवाज एकमेकांवर. तेव्हापासून माझा नियम: सांध्यावर प्रश्न नको आणि विनोदही नको. दोन्हींनंतर सभागृह काहीतरी करतं, आणि ते किती वेळ करेल हे संहितेत लिहिता येत नाही.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातलीच. आपलं वाक्य "आहे", "होतं", "असतं"वर संपतं, आणि असल्या वाक्यांनी तर सगळं भाषण भरलेलं असतं. त्यात मला "आहे"नंतर "म्हणजे बघा" जोडायची खोड. समोरच्यानं कुठे सुरू करायचं? म्हणून खुणेचं वाक्य मुद्दाम नामावर किंवा आकड्यावर संपवलं, आणि ते शब्द त्या भागात आधी कुठेच येऊ दिले नाहीत. तिसरा सांधा शेवटी असा झाला:

मी: "पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तळं जितकं आटेल तितका खारटपणा वाढतो. आणि मग आला जून २०२०."

(मी एक पाऊल मागे. मॅडम स्लाइड बदलतात: गुलाबी तळं. मनात एक-दोन.)

मॅडम: "त्या महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचे नमुने तपासले..."

मॅडमच्या वाक्यातले "त्या महिन्यात" हे दोन शब्द गिळले गेले तरी अर्थ बिघडत नाही, हे नीट बघा. ते का, ते आता सांगतो.

सभागृहात बिनतारी माईक दोन होते, पण आधी कार्यकर्त्यांनी "एकच आहे, हातातून हातात द्या की" असं सांगितलं. माईक हातातून हातात देताना खडखड होते, देणारा बोलणं थांबवतो, घेणारा अजून आपल्या कागदात असतो. चार-पाच सेकंद ऐकणाऱ्याला खूप मोठी वाटतात. बऱ्याच फोनाफोनीनंतर कपाटातून दुसरा माईक निघाला. मला वाटलं संपलं. कसलं काय! ध्वनियंत्रणा बघणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं, दोन माईक एकदम उघडे ठेवले तर शिट्टी वाजते, म्हणून बोलणाऱ्याचाच माईक चालू ठेवणार. त्यात चूक काही नाही. पण बोलणारा बदलला हे त्यांना कळणार कधी? मॅडम बोलायला लागल्यावर. म्हणजे दर वेळी मॅडमचं पहिलं अर्धं वाक्य हवेत जाणार, आणि आवाज येत नाही असं वाटून मॅडम तेच पुन्हा म्हणणार.

मी त्यांना आमची पूर्ण संहिता दिली. बारा पानं बघून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि वर चहाचा कप ठेवला. राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही वाचली नसती. मग एका पानावर फक्त तीन ओळी लिहिल्या, ठळक अक्षरात: कोणाचं शेवटचं वाक्य काय, त्यावर कुठला माईक उघडायचा, कुठला बंद करायचा. माईकना १ आणि २ असे आकडे चिकटवले, कारण "मॅडमचा माईक" म्हटल्यावर ते डाव्या हाताचा की उजव्या हाताचा असं विचारत होते. आणि क्रम बदलला: आधी नवा उघडायचा, मग जुना बंद करायचा. तेवढ्या क्षणासाठी दोन्ही उघडे राहिले तर शिट्टी वाजत नाही, हे त्यांनीच करून दाखवलं. शिवाय स्लाइड बदलणं हीसुद्धा त्यांना खूण झाली: सांध्यावर स्लाइड नेहमी येणारा वक्ता बदलतो, जाणारा नाही. म्हणून रिमोट दोन घ्या. एकच असेल तर तो टेबलावर ठरलेल्या जागी ठेवा, हातातून हातात नको.

एवढं करूनही पहिल्या सांध्याला माईक उशिरा उघडला. मॅडमचे सुरुवातीचे शब्द गेले, पण पुढचं वाक्य पूर्ण आलं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पहिल्या वाक्यात पहिले दोन-तीन शब्द बिनमहत्त्वाचे ठेवायचे ते यासाठी. "धन्यवाद, आता मी तुम्हाला..." असली भरती मात्र नको. तेच शब्द दोघांच्या तोंडी येतात आणि आवाज एकमेकांवर चढतात.

हे आधी सांगायला हवं होतं: सांध्यांची तालीम वेगळी करा. मधला मजकूर सोडून द्या. शेवटची दोन वाक्यं, हालचाल, पहिली दोन वाक्यं, बस्स. पंधरा मिनिटांत तिन्ही सांधे चार-चार वेळा होतात. मॅडम वयानं मोठ्या, त्यांना मधे थांबवून "पुन्हा घेऊ या" म्हणणं मला जड जात होतं. त्या स्वतःच म्हणाल्या, "अहो, निःसंकोच थांबवा, नाहीतर तिथे लोकांसमोर अडकेन."

माझं बोलणं चालू असताना मॅडमना "हो, अगदी बरोबर" म्हणायची सवय होती. संहितेत मी त्यांच्या नावापुढे "मान डोलावणे" असं लिहिलं, आणि त्यांनी ते मनापासून पाळलं.

एक जागा लिहिता येत नाही, ती प्रश्नोत्तरांची. तिथे आम्ही ठरवलं की उत्तर देणार नाही त्यानंच प्रश्न माईकवर पुन्हा सांगायचा. विवराचं वय विचारलं तर मॅडम प्रश्न सांगतात आणि मी उत्तर देतो. गुलाबी रंगाचा प्रश्न असेल तर उलट. दोघांनी एकदम तोंड उघडण्याची वेळच येत नाही, आणि ज्याला उत्तर द्यायचंय त्याला विचार करायला थोडा वेळ मिळतो. माईकवाल्यांना हे सांगायला मात्र विसरू नका, कारण तोवर त्यांनी दोनातला एक माईक बंद करून आवरायला घेतलेलं असतं.