गाडी कुणाच्या नावावर?

"सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. एवढं चांगलं स्थळ हातचं का घालवलंस?"

हुंड्यामुळे, असं सांगितलं की लगेच ऐकायला मिळतं, त्यांनी हुंडा मागितलाच कुठं होता? खरंय. आमच्या तासगाव भागात आता हुंडा हा शब्दही कुणी काढत नाही. यादी करतात. "आमची काही अपेक्षा नाही, लेकीला तुम्ही काय घालणार तेवढं सांगा," असं झालं की मध्यस्थ कागदावर मधोमध रेघ ओढतो. वरपक्षाच्या रकान्यात मंगळसूत्र आणि शालू. वधूपक्षाच्या रकान्यात लग्न करून देणे, मुलाला अंगठी, चेन, पोशाख, संसाराची भांडी, फर्निचर, मानपान. खाली दोन्हीकडच्या सह्या.

मुलगा सरकारी नोकरीत, पुण्यात फ्लॅट, गावी बागायत. असं स्थळ आलं की यादी लांबते, आणि ती लांबवणारे एकटे ते नसतात. त्याआधी मला एका द्राक्षबागायतदाराचं स्थळ आलं होतं. मुलगी आणि नारळ द्या, म्हणत होते. आमच्याच घरानं "शेती करणारा नको" म्हणून नकार कळवला. मलाही बागेत राबायचं नव्हतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण एका पगारदार जावयामागं सगळा तालुका लागतो, तेव्हा भाव कोण चढवतं, हे मला कळतं.

बैठक आमच्या सोप्यात होती. मी बायकांबरोबर आत. आण्णांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला पडून होता, दर सुधारेल म्हणून थांबवलेला. सोन्यावरून मामांचा आवाज चढला, मग दोन तोळ्यांवर मिटलं, हसणं-खिदळणं झालं. तेवढ्यात मुलाचे चुलते म्हणाले, "गाडीचं आम्ही काय बोलत नाय. तुमच्या खुशीनं." मध्यस्थानं वधूपक्षाच्या रकान्यात लिहिलं : चारचाकी, खुशीने. आण्णा म्हणाले, "बेदाणा काढला की बघू."

मी बाहेर आले. लोक म्हणतात भांडले. माझा तर आवाज फुटत नव्हता. मी एवढंच म्हणाले, "खुशीनंच द्यायची तर माझ्या नावावर घ्या. यादीत तसं लिहा."

चुलत्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, आण्णांकडं पाहिलं. "लग्न झाल्यावर तिचं आणि त्याचं काय वेगळं असतं व्हय, पाव्हणं?"

"नसतं ना? मग माझंच नाव घाला."

मामांनी माझा दंड धरला. मुलगा समोरच बसला होता. फोनवर सारखं सांगायचा, मला काही नको, घरच्यांना मी समजावतो. त्यानं मोबाईल मांडीवर पालथा घातला आणि म्हणाला, "नंतर बोलू आपण." यादीवर सह्या झाल्या नाहीत. चहा मात्र सगळ्यांनी घेतला, त्याशिवाय उठायची पद्धत नाही.

मी काय विचारून बसले होते, ते पुढं एका वकील मैत्रिणीकडून कळलं. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात भेटवस्तूंना सूट आहे, पण त्या न मागता दिलेल्या, रीतीच्या आणि देणाऱ्याच्या ऐपतीतल्या हव्यात, त्यांची नोंदही हवी. लग्नाआधी हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल, तर लग्नापासून 3 महिन्यांत तो मुलीच्या हवाली करावा लागतो. म्हणजे नाव माझंच लागणार होतं! हुंड्याचा करारही कायद्यानं रद्दबातल, त्यावर कितीही सह्या असोत. पण देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि तेवढंच आण्णांच्या कानावर आहे. पीडिताच्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, हे मी समजावलं, तर म्हणाले, "कोर्टाची पायरी कोण चढणार?"

मी गाडीमुळे मोडलं की त्याच्या गप्प बसण्यामुळे? तेव्हाची मी ठामपणे सांगायची, तत्त्वासाठी. तिला आता विचारावंसं वाटतं : चुलते "बरं, घाला तिचं नाव" म्हणाले असते तर? तू नक्की हो म्हणाली असतीस, आणि आण्णांचा बेदाणा पडेल त्या दरात गेला असता. त्यावर ती म्हणते, माझ्या नावावरची गाडी म्हणजे हुंडा नव्हे. मला ते पटतं आणि पटतही नाही.

माझ्या मावसबहिणीनं रजिस्टर लग्न केलं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस, 30 दिवस थांबणं, मग साक्षीदार आणि सह्या. यादीच झाली नाही. पण मावशीनं नंतर जेवण घातलंच, आणि जावयाला चेनही घातली. "खुशीनं."

आता आमच्याकडं माझ्या भावाची स्थळं बघतायत. तोही नोकरीला लागलाय. आई म्हणते, आपण तोंडानं काही मागायचं नाही, देतील ते घ्यायचं. भावाला मी बजावलंय, बैठकीत तू स्वतः बोलायचंस, आणि तेही यादीला हात लागायच्या आधी. तो हो म्हणतो. फोनवर सगळे हो म्हणतात.