ओटी का लागला, ते आधी बघा

सीएमए इंटर परीक्षेच्या कॉस्ट अकाउंटिंग पेपरला पहिल्या वेळी माझे सहा मार्क कमी पडले. मोठी गणितं मला आली होती. मार्क गेले ते सेक्शन ए मधल्या दोन-दोन मार्कांच्या प्रश्नांत, आणि त्यातले तीन प्रश्न लेबरचे होते. हे जास्त लागलं, कारण मी सातपूरच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करते. ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा हिशेब दर महिन्याला माझ्याच हातून जातो.

क्लासच्या नोट्समध्ये यावर एकच ओळ होती: 'ओव्हरटाइम प्रीमियम ओव्हरहेडला जातो.' म्हणजे ओटीचे जास्तीचे पैसे सगळ्या कामांत वाटल्या जाणाऱ्या सामाईक खर्चात धरायचे. ती ओळ मी पाठ केली होती. त्या ओळीचा मला आजही राग येतो, कारण तिनं 'कधी' हा शब्द गाळला होता आणि परीक्षेत नेमकं तेवढंच विचारतात. क्लासमध्ये शंका विचारली तर "ऑब्जेक्टिव्ह आहे, एवढ्या खोलात जायचं नाही" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या प्रयत्नाचा अभ्यास सुरू केल्यावर दोन आठवडे मी याच एका जागी अडकून होते. एका सराव संचात प्रीमियमचं उत्तर ओव्हरहेड होतं, दुसऱ्यात जॉब, तिसऱ्यात कॉस्टिंग नफा-तोटा खातं. मला वाटलं, उत्तरसूचीच चुकीची छापली आहे.

शेवटी आमच्या कंपनीतल्या कॉस्टिंगच्या साहेबांकडे गेले. त्यांनी मला उलटाच प्रश्न विचारला. "समजा आज तीन जॉब आहेत. दोन दिवसा झाले, तिसरा संध्याकाळी सातनंतर मशीनवर चढला. मग ओटीचे जास्तीचे पैसे तिसऱ्यानंच का भरायचे? त्याचा नंबर शेवटी लागला, एवढाच ना त्याचा गुन्हा?"

तिथं गाठ सुटली. कामाचा ताण सगळ्या जॉबनी मिळून वाढवलेला असतो, म्हणून प्रीमियमही सगळ्यांत वाटला जातो, म्हणजे उत्पादन ओव्हरहेडला जातो. त्या जॉबवर मजुरी पडते ती साध्या दरानं, मग काम दुपारी होवो की रात्री. पण गिऱ्हाईकच म्हणालं, "मला परवाच माल हवा," तर ओटीचं कारण तो एकटा जॉब आहे. मग प्रीमियम त्याच्यावरच, थेट. एखाद्या विभागाच्या ढिलाईमुळे ओटी करावा लागला, तर बोजा त्या विभागावर. पूर, मोठा बिघाड, संप यांत बुडालेलं काम भरून काढायला ओटी केला, तर ती रक्कम उत्पादन खर्चात येतच नाही. ती कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला जाते. कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड ७ मध्येही प्रीमियम थेट लावायचा की ओव्हरहेड धरायचा, हे ओटी कोणत्या परिस्थितीत लागला त्यावर ठरवायला सांगितलं आहे. नोट्समध्ये ही एक ओळ वाढवली असती, तर माझे सहा महिने वाचले असते.

साहेबांनी मग एक आकडेमोड करून घेतली. कामगार आठवड्याला ४८ तास साध्या वेळात आणि ८ तास ओटीत आला. दर तासाला १२० रुपये, ओटीला दुप्पट. एकूण ५६ तासांपैकी ४ तास रिकामे गेले. त्यातले ३ टूल सेटिंग, चहा अशा नेहमीच्या कारणांचे आणि १ तास वीज गेल्यामुळे. ओटी सर्वसाधारण ताणामुळे.

हातात पडणारा पगार ४८ गुणिले १२० म्हणजे ५,७६० आणि ८ गुणिले २४० म्हणजे १,९२०, एकूण ७,६८० रुपये. प्रत्यक्ष काम ५२ तासांचं, म्हणून थेट मजुरी ६,२४०. नेहमीच्या रिकाम्या वेळेचे ३६० आणि ओटी प्रीमियमचे ९६० मिळून १,३२० ओव्हरहेडला. वीज गेलेल्या तासाचे १२० कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला. तिन्हींची बेरीज पुन्हा ७,६८० यायला हवी. नाही आली, तर कुठला तरी तास दोनदा धरला आहे किंवा सुटला आहे.

माझी चूक इथंच होत होती. मी प्रीमियम म्हणून १,९२० धरायचे. पण प्रीमियम म्हणजे फक्त जास्तीची रक्कम, दुप्पट दरातला वरचा एक पट. दीडपट दर दिला असेल, तर अर्धाच पट. पर्यायांत १,९२० हा आकडा हमखास दिलेला असतो, आणि घाईत तोच बरोबर वाटतो.

आता याच गणितात फक्त कारण बदला. गिऱ्हाइकाच्या घाईमुळे ओटी झाला असेल, तर ९६० जॉबवर जाऊन त्याची मजुरी ७,२०० होते आणि ओव्हरहेडला ३६० च उरतात. मी हे एकच उदाहरण चार कारणांनी चार वेळा सोडवलं, आणि नव्या प्रश्नसंचांपेक्षा त्याचाच मला जास्त उपयोग झाला. प्रश्नात कारण दिलंच नसेल, तर सर्वसाधारण ताण धरून ओव्हरहेड निवडा.

रिकाम्या वेळेबद्दल एक राहिलं. नेहमीचा रिकामा वेळ ओव्हरहेडला न टाकता दर फुगवूनही वसूल करता येतो. प्रश्नात 'इन्फ्लेटेड रेट' दिसलं, तर वरचे ३६० मजुरीतच मिळवायचे: ६,६०० भागिले ५२, म्हणजे तासाला सुमारे १२६.९२ रुपये. वीज गेलेला तास मात्र या दरात कधीच येत नाही.

लेबर टर्नओव्हर, म्हणजे कामगार सोडून जाण्याचं प्रमाण, मला सोपं गेलं. एकच सापळा लक्षात ठेवा. सुरुवातीला १९० कामगार, शेवटी २१०, सरासरी २००. वर्षात २० गेले, ४० आले. त्यातले १५ जुन्यांच्या जागी, उरलेले २५ नव्या शेडसाठी. सेपरेशन पद्धतीनं १० टक्के, रिप्लेसमेंटनं ७.५ टक्के. रिप्लेसमेंटला ४० धरले की २० टक्के येतात, आणि तो पर्यायही तिथं ठेवलेला असतो. विस्तारासाठी घेतलेली माणसं कुणाची जागा भरत नाहीत.

टर्नओव्हरच्या खर्चाचा प्रश्न आला, तर खर्च माणूस जाण्याआधी झाला की नंतर ते पाहा. कँटीन, दवाखाना, पेन्शन हा माणूस टिकावा म्हणून केलेला, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह. भरती, प्रशिक्षण, नवख्याच्या हातून झालेली नासाडी आणि मोडलेली हत्यारं हा रिप्लेसमेंटचा.

दुसऱ्या प्रयत्नात ओटीचा प्रश्न आला तेव्हा मी आकड्यांकडे आधी पाहिलंच नाही. 'ॲट द कस्टमर्स रिक्वेस्ट' या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारली, प्रीमियम जॉबवर टाकला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. निकालात त्या पेपरला ५८ होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर आधी साहेबांच्या टेबलाशी गेले आणि त्यांना आकडा सांगितला.