आजच्या भावातली बचत आणि बँकेचा १२ टक्के दर

नवीन मशीन घ्यायचं का, हा प्रश्न घेऊन आलेल्या शीटमध्ये मी आधी बचतीची ओळ बघतो. चारही वर्षांना तोच आकडा असेल आणि खाली डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढायचा दर, १२ टक्के असेल, तर तिथेच थांबतो. हे आकडे बहुधा आजच्या भावात, म्हणजे रिअल असतात. कर्जाच्या व्याजावरून काढलेल्या दरात मात्र महागाई आधीच धरलेली असते, म्हणजे तो नॉमिनल. या दोघांची जोडी लावली की प्रकल्पाला महागाईचा भुर्दंड बसतो, पण वाढत्या भावाचा फायदा मिळत नाही.

उदाहरण घेऊ. मशीन १० लाखांचं. कर भरून उरणारी बचत आजच्या भावात दरवर्षी ३.२० लाख, चार वर्षं. घसाऱ्यामुळे वाचणारा कर तूर्त बाजूला. महागाई ६ टक्के. ३.२० लाख सरळ १२ टक्क्यांनी डिस्काउंट केले तर वर्तमान मूल्य ९.७२ लाख येतं, म्हणजे सुमारे २८ हजारांचा तोटा, आणि प्रस्ताव नापास.

आता बचत दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवली: ३.३९, ३.६०, ३.८१, ४.०४ लाख. दर तोच १२. वर्तमान मूल्य ११.१८ लाख, म्हणजे १.१८ लाखांचा फायदा. पडताळा म्हणून आकडे आजच्या भावातच ठेवून रिअल दर लावतो: १.१२ ÷ १.०६ − १, म्हणजे ५.६६ टक्के. उत्तर तेच, ११.१८ लाख. दोन्ही वाटांनी उत्तर जुळलं नाही तर शीटमध्ये कुठेतरी सरमिसळ आहे, हे मी पक्कं धरतो. १२ मधून ६ वजा करून सरळ ६ टक्के दर धरला तर इथे फायदा जवळपास नऊ हजारांनी कमी दिसतो. महागाई जास्त असेल तिथे हा फरक वाढतो, म्हणून भागाकारच करावा.

खरी अडचण घसाऱ्याची. आयकराचा घसारा मूळ खरेदी किमतीपासून सुरू होतो आणि दरवर्षी उरलेल्या किमतीवर मिळतो, तो महागाईबरोबर वाढत नाही. १५ टक्के घसारा आणि २५ टक्के कर धरला तर वाचणारा कर पहिल्या वर्षी ३७,५०० रुपये, पुढे ३१,८७५, आणि असाच उतरत जातो. हे रुपये नॉमिनलच आहेत, तेव्हा दर १२ टक्केच हवा. चार वर्षांचं मूल्य सुमारे ९२,८०० येतं. रिअल शीटमध्ये हीच ओळ तशीच ठेवून ५.६६ टक्के लावले तर १.०५ लाख दिसतात, म्हणजे सुमारे १२,७०० रुपये फुकटचे वाढतात. रिअल शीटच ठेवायची असेल तर प्रत्येक वर्षाचा आकडा आधी १.०६ च्या त्या त्या घाताने भागावा लागतो. ठरावीक भाडं आणि कर्जाचा हप्ता यांचंही तसंच. म्हणून कर असलेल्या प्रकल्पाची शीट मी सरळ नॉमिनलच करतो.

त्यात शेवटची भंगार किंमत मात्र विसरू नये. डीलरने आज १ लाख सांगितले असतील आणि भंगाराचे भाव महागाईबरोबर वाढतील असं धरलं, तर चौथ्या वर्षाच्या रकान्यात १.२६ लाख जायला हवेत.